कोणते दार?
(भाषणाचा शब्दांकित मजकूर)



मला थाई भाषा येत नाही, हे आधीच सांगून टाकते. लिपी वाचता येते, शब्दकोश उलगडता येतो, शंभर-दीडशे तांत्रिक शब्द ओळखीचे झाले आहेत, एवढेच. तरीही इंग्रजीतून थाईत जाणाऱ्या यंत्रांच्या मॅन्युअलांसाठी परिभाषेची सूची तयार करायचे काम माझ्याकडे आले. ते कसे झाले, त्यात काय चुकले, हे मी आज सांगणार आहे. आपल्यापैकी बरेच जण अनुवाद करतात, पण बहुधा एकट्याने. एकट्याच्या अनुवादात शब्द चुकला तर निदान तो सगळीकडे सारखा चुकतो. चौघे मिळून एकच पुस्तक करतात तेव्हा दुखणे वेगळे असते.

सुरत म्हटले की साड्या आणि हिरे डोळ्यांपुढे येतात. पण इथल्या पांडेसरा, सचिन, कडोदरा या भागांत कापड रंगवणारी प्रोसेस हाउसे आहेत, आणि त्यांच्या आसऱ्याने यंत्रे बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारखानेही उभे राहिले. मी अशाच एका कारखान्याच्या तांत्रिक लेखन विभागात काम करते. नाव सांगायचे कारण नाही. यंत्र पॉलिस्टर रंगवायचे. पॉलिस्टर उकळत्या पाण्यात नीट रंगत नाही. त्याला साधारण १३० अंश सेल्सियस लागतात. उघड्या भांड्यात पाणी १०० च्या वर जात नाही, म्हणून भांडे बंद करून दाबाखाली रंगवावे लागते. घरातला प्रेशर कुकर डोळ्यांपुढे आणा, फक्त तो माणसापेक्षा उंच आणि आत शेकडो किलो कापड. १३० अंशांना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे पावणेदोन बार जास्त असतो. अशा वेळी झाकण उघडले तर आतल्या पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ होऊन बाहेर येतो. त्यामुळे 'झाकण' हा शब्द आमच्याकडे साधा शब्द नाही.

पहिली तीन मॅन्युअले थायलंडमधल्या चार अनुवादकांना वाटून दिली होती. मुदत कमी होती, म्हणून प्रकरणे वाटली: एकाकडे उभारणी, दुसऱ्याकडे चालवणे, तिसरीकडे देखभाल, चौथीकडे वीज आणि नियंत्रण. चौघेही आपापल्या जागी उत्तम. काम वेळेवर आले आणि आम्ही खूश झालो. मग तिथल्या एका रंगशाळेतल्या देखभाल तंत्रज्ञाने फोन करून इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. "यंत्र सुरू करण्यापूर्वी दार बंद असल्याची खात्री करा, असं लिहिलंय. कोणतं दार?"

मी सहज म्हणाले, "झाकण हो, कापड आत घालायचं." तो म्हणाला, "ते दार नाही, ते झाकण आहे. दार विजेच्या पेटीला आहे. आमचा माणूस रोज सकाळी विजेच्या पेटीचं दार बघून यंत्र सुरू करतो."

काही झाले नाही, कारण यंत्राला कुलूपबंदीची यंत्रणा होती. झाकण नीट बसल्याशिवाय पाणी तापतच नाही. पण तो माणूस रोज सकाळी जे तपासत होता, ते आम्ही त्याला सांगितलेच नव्हते.

थाईत झाकणाला 'फा' म्हणतात आणि दाराला 'प्रतू'. देखभालीच्या प्रकरणात सगळीकडे 'फा' होते. चालवण्याच्या प्रकरणात 'प्रतू'. विजेच्या प्रकरणात पेटीच्या दारालाही 'प्रतू', आणि ते बरोबरच होते. मी मनातल्या मनात दुसऱ्या अनुवादकाला दोष देऊन मोकळी झाले. मग मूळ इंग्रजी काढून बघितले.

इंग्रजी आमचे होते, मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी लिहिलेले. त्या एकाच वस्तूला आम्ही कुठे 'डोअर' म्हटले होते, कुठे 'लिड', कुठे 'कव्हर' आणि एके ठिकाणी 'लोडिंग पोर्ट'. शिवाय 'कव्हर' हाच शब्द पट्ट्यावरच्या जाळीलाही वापरला होता. अनुवादकांनी प्रामाणिकपणे, जे लिहिले होते तेच थाईत नेले होते. आम्ही गुजराती-मराठीत विचार करून इंग्रजी लिहितो. शाळेत निबंधाच्या वहीवर बाई लाल शाईने 'तोच शब्द पुन्हा नको' असे लिहीत, ती सवय हाडात मुरलेली. ललित लेखनाला ती ठीक आहे. मॅन्युअलमध्ये शब्द बदलला की वाचणारा वस्तू बदलली असे समजतो, आणि तसे समजणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

म्हणून सूचीचे पहिले तीन आठवडे थाईचा एकही शब्द न लिहिता गेले. आम्ही यंत्राचे चित्र भिंतीवर लावले, प्रत्येक भागाला क्रमांक दिला, आणि त्या क्रमांकाच्या वस्तूला आमच्या इंग्रजी मॅन्युअलांत काय काय म्हटले आहे ते शोधून तिच्यापुढे लिहिले. आधी वस्तू किंवा कल्पना, मग तिचे शब्द. शब्दकोशात शब्द पुढे असतो आणि त्याचे अर्थ मागून येतात. परिभाषासूचीत हे उलटे करावे लागते. एका कल्पनेला एक ओळ. एक शब्द दोन कल्पनांना वापरला असेल तर त्याच्या दोन ओळी.

ही पद्धत आमची नाही. ऑस्ट्रियातले एक अभियंते ऑयगेन व्यूस्टर यांनी तंत्रविद्येच्या भाषेचे प्रमाणीकरण या विषयावर १९३१ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि पुढे १९६८ मध्ये यांत्रिक हत्यारांचा बहुभाषी कोश केला. त्या कोशातल्या नोंदी अक्षरानुक्रमे नाहीत, कल्पनांच्या क्रमाने आहेत आणि सोबत चित्रे आहेत. त्याच १९३१ साली, सुरतेहून फार लांब नाही अशा बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' छापला. इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृतसह आणखी भाषांतले पर्याय एका ओळीत. कारकुनांना रोजच्या कामात वापरायचा कोश होता तो. दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत असण्याचे काही कारण नाही, पण अडचण एकच होती: एकाच कामावर पुष्कळ लेखण्या.

झाकणाची ओळ शेवटी कशी झाली ते सांगते, म्हणजे सूची म्हणजे काय ते डोळ्यांपुढे येईल. पहिल्या रकान्यात चित्रातला क्रमांक. मग मान्य इंग्रजी शब्द, 'लिड'. मग एका वाक्यात व्याख्या: रंगवण्याच्या भांड्याचे, कापड आत घालण्यासाठी उघडणारे, दाब सहन करणारे गोल झाकण. मग मान्य थाई शब्द, 'फा', आणि पहिल्या उल्लेखात 'रंगभांड्याचे फा' असे पूर्ण रूप. मग वर्ज्य शब्द: इंग्रजीत डोअर, कव्हर, पोर्ट, थाईत 'प्रतू'. मग मॅन्युअलातलेच एक वाक्य, ज्यात तो शब्द बसतो. शेवटी निर्णय कोणी आणि कधी घेतला, आणि का.

यातला वर्ज्य शब्दांचा रकाना बहुतेक सूच्यांमध्ये नसतो. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी तोच. 'फा' लिहा असे सांगितले तरी 'प्रतू' लिहिणाऱ्याला आपण चुकतो आहोत हे कळत नाही. तो इंग्रजीत 'डोअर' पाहतो, सूचीत 'डोअर' शोधतो, सापडत नाही आणि स्वतःच्या बुद्धीने पुढे जातो. वर्ज्य शब्दही सूचीत असले की शोधताना तो थेट योग्य ओळीवर येतो. निर्णयाच्या कारणाचा रकानाही तितकाच महत्त्वाचा ठरला. चार महिन्यांनी एखादा नवा अनुवादक येतो आणि तोच वाद पुन्हा काढतो. तेव्हा त्याला एक वाक्य दाखवता येते.

झाकण सोपे होते, कारण ते दिसते. दाब दिसत नाही, आणि तिथे आम्ही खरे अडकलो.

इंग्रजी 'प्रेशर'साठी थाईत दोन शब्द चालतात. एक 'ख्वाम दन', हा पाठ्यपुस्तकातला. दुसरा 'रेंग दन', कारखान्यात सर्रास बोलला जाणारा. 'रेंग' म्हणजे जोर, 'दन' म्हणजे ढकलणे. आमच्या दोन अनुवादकांनी पहिला घेतला होता, दोघांनी दुसरा. एरवी हे खपले असते. पण थाईत विजेच्या व्होल्टेजला 'रेंग दन फाय्फा' म्हणतात. फाय्फा म्हणजे वीज. आणि लिहिणारा माणूस घाईत, संदर्भ आहेच म्हणून, 'फाय्फा' गाळतो. मग नियंत्रण-पेटीच्या प्रकरणात वाक्य उरते: 'रेंग दन मर्यादेपेक्षा वाढल्यास यंत्र थांबवा.' वाफेचा दाब की व्होल्टेज? दोन्ही वाढू शकतात, दोन्हींचे मापक त्याच पेटीवर शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

या एका ओळीवर दोन बैठका झाल्या. आमच्या बैठका म्हणजे पडद्यावर चार चेहरे, शिवाय तो फोन करणारा तंत्रज्ञ, ज्याला आता आम्ही सल्लागार म्हणून मानधन देत होतो. थाई लोक वयाने मोठ्या माणसाला 'फी' म्हणतात, आपल्या 'दादा'सारखे. चौघेही त्याला फीच म्हणत, म्हणून मीही. फीचे म्हणणे होते, "ख्वाम दन कुणी बोलत नाही. माझ्या हाताखालच्या पोराला तो शब्द शाळेत भेटला आणि तिथेच राहिला." देखभालीचे प्रकरण करणारी अनुवादिका म्हणत होती की बोलत नसले तरी वाचताना सगळ्यांना कळतो, आणि त्याचा दुसरा अर्थच होत नाही. दोघेही बरोबर होते.

इथे कोणी म्हणेल, अधिकृत शब्द पाहावा. थायलंडमध्ये त्यासाठी संस्था आहे. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या नावात राज, पंडित आणि सभा हे तिन्ही शब्द आहेत; थाई उच्चारात ते 'रात्चबंदित्तयसफा' असे काहीसे ऐकू येते. ती नवे शब्द घडवते, शाखावार परिभाषाकोश काढते. आम्ही तिचे कोश पाहिलेच, आणि जिथे वाद नव्हता तिथे तिचेच शब्द घेतले. पण अधिकृत असणे आणि वापरात असणे यांत अंतर असते. संगणकाला तिथे गणित आणि करण यांवरून शब्द केला गेला, आणि लोक मात्र 'कॉम्पिऊटऽ' म्हणत राहिले. आपल्याकडचे अनुभव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

आम्ही निर्णय असा घेतला. वाफेच्या आणि पाण्याच्या दाबाला 'ख्वाम दन' आणि दुसरे काही नाही. व्होल्टेजला 'रेंग दन फाय्फा', कधीही न तोडता. नुसते 'रेंग दन' कुठेही वर्ज्य. आणि फीचा मान राखून, मॅन्युअलाच्या सुरुवातीला एकदाच एक टीप: कारखान्यात ज्याला रेंग दन म्हणतात त्यालाच इथे ख्वाम दन म्हटले आहे. ही टीप सुचवली ती फीनेच. निर्णय मतदानाने घेतला नाही. चार अनुवादकांत दोन-दोन मते पडली की मतदानाने फक्त कटुता येते. ज्या शब्दाचा दुसरा अर्थ लावून चूक होऊ शकते तो बाद, एवढाच निकष; आणि दोन दिवसांत एकमत झाले नाही तर शेवटचा शब्द देखभालीच्या अनुवादिकेचा, कारण धोक्याची बहुतेक वाक्ये तिच्या प्रकरणात होती. माझा शेवटचा शब्द कधीच नव्हता. भाषा न येणाऱ्याने निर्णय नोंदवावा, घेऊ नये.

हे मी शिकले ते एका फजितीतून. थाई परिभाषा वाचू लागले तेव्हा मला घरी आल्यासारखे वाटले होते. दूरचित्रवाणीला 'थोरथत', म्हणजे दूर आणि दर्शन. दूरध्वनीला 'थोरसप', दूर आणि शब्द. अभियांत्रिकीला 'वित्सवकम', म्हणजे आपले विश्वकर्म. उद्योगाला 'उत्साहकम', उत्साह आणि कर्म. हा मला इतका आवडला की महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले होते. पाली-संस्कृतातून अशी घडण करणाऱ्यांत राजपुत्र वान वैथयाकॉन यांचे नाव मोठे आहे. तेच १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले.

त्या उत्साहात मी सुट्या भागांच्या यादीचा पहिला मसुदा स्वतःच भरला. भागाचे द्रव्य 'लोखंड' असेल तिथे 'लोहा' टाकले. थाईत 'लोहा' म्हणजे कोणताही धातू. लोखंडाला 'लेक' असा वेगळाच शब्द आहे. म्हणजे मी यादीभर 'द्रव्य: धातू' असे लिहून ठेवले होते, आणि पोलाद कुठे, पितळ कुठे, हे कळायची सोय राहिली नव्हती. अनुवादिकेने अतिशय सौम्यपणे विचारले, "कोणता धातू, हे सांगाल का?" त्यानंतर मी थाई रकान्याला हात लावला नाही.

असाच एक शब्द 'अंतराय'. मराठीत अंतराय म्हणजे अडथळा, विघ्न. थाईत तोच शब्द, जवळपास त्याच उच्चारात, धोक्याच्या पाटीवर लाल अक्षरांत असतो. इथून मला सूचीतल्या सगळ्यांत जोखमीच्या तीन ओळींकडे यायचे आहे.

इंग्रजी मॅन्युअलांत इशाऱ्याचे तीन शब्द ठरावीक अर्थाने वापरतात. डेंजर: टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग: होऊ शकते. कॉशन: किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. ही उतरंड आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. रंगही ठरलेले, लाल, नारिंगी, पिवळा. थाईत आम्ही तिन्हींना एकेक शब्द बांधून दिला: 'अंतराय', 'खम तूअन' आणि 'खॉ खुअन रवंग'. अडचण अशी की 'खम तूअन' याचा साधा अर्थ इशारा, ताकीद. एका अनुवादकाने वॉर्निंगलाही तोच लावला होता आणि कॉशनलाही, कारण वाक्य वाचायला बरे वाटत होते. वाक्य बरेच वाटत होते. पण गरम नळीला हात लागून चटका बसेल आणि झाकण उघडल्यास वाफेने जीव जाईल, या दोन सूचना एकाच पायरीवर येऊन बसल्या होत्या. ज्या पुस्तकात प्रत्येक पानावर सारख्याच जोराने ओरडलेले असते, त्यातले कोणतेच ओरडणे दहाव्या पानानंतर ऐकू येत नाही.

ओळी ठरल्या, सगळ्यांनी मान्य केल्या. मग तपासणी सुरू केली आणि एक विचित्र गोष्ट दिसली. मजकुरात 'खम तूअन' डोळ्यांना दिसत होते, पण तपासणीची आज्ञावली म्हणत होती की ते तिथे नाही.

याची दोन कारणे निघाली आणि दोन्ही लिपीतली. पहिले असे. 'खम'मधला 'अम' हा स्वर थाई लिपीत एकच चिन्ह आहे, युनिकोडमध्ये U+0E33. पण ते वरचे वर्तुळ आणि पुढचा काना अशा दोन चिन्हांनी, U+0E4D आणि U+0E32, टंकित केले तरी पडद्यावर हुबेहूब तसेच दिसते. पीडीएफमधून नक्कल केलेल्या मजकुरात हे फार होते. दुसरे म्हणजे 'ए' आणि 'ॲ' यांच्या खुणा. थाईत 'ॲ'ची खूण, U+0E41, दोन 'ए' शेजारी ठेवल्यासारखी दिसते. त्यामुळे घाईत लोक 'ए'ची कळ, U+0E40, दोनदा दाबतात. छापल्यावर कोणालाही फरक दिसत नाही. यंत्राला मात्र तो वेगळा शब्द. आमचा वर्ज्य 'रेंग दन' याच खुणेने सुरू होतो. म्हणजे वर्ज्य शब्द समोर असूनही तपासणीतून निसटत होता. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या दोन 'ए'ना एकत्र करत नाही. ते आपणच बदलून घ्यावे लागतात. मराठीतही 'दऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकित होतो आणि शोधताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही. संपादन करणाऱ्यांना हा अनुभव असेलच.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. वाक्य किंवा वाक्यांश संपला की जागा. मधले सगळे सलग. त्यामुळे 'हा पूर्ण शब्द शोधा' असे सांगायची सोयच नसते. 'रेंग दन' शोधले की प्रत्येक 'रेंग दन फाय्फा'ही सापडतो आणि तपासणीत शेकडो खोट्या चुका येतात. शेकडो खोट्या चुका आल्या की माणूस खऱ्याही बघत नाही. यावर उपाय म्हणून 'ज्याच्यापुढे फाय्फा नाही असा रेंग दन' असे शोधायला लावले. ती ओळ इतकीच:

```
แรงดัน(?!ไฟฟ้า)
```

पहिल्या फेरीत, खुणा दुरुस्त केल्यावर, तिने तीन मॅन्युअलांत ४१ जागा दाखवल्या. त्यातल्या ३६ वाफेच्या होत्या, ५ व्होल्टेजच्या. त्या पाचांतले एक वाक्य मगाशी सांगितलेले, यंत्र थांबवण्याचे. पण अशी युक्ती प्रत्येक शब्दाला जमत नाही. 'फा' एवढाच दोन अक्षरांचा शब्द असंख्य शब्दांच्या पोटात सापडतो. तिथे यंत्राला विचारण्यात अर्थ नाही. वाक्ये माणसानेच वाचायची. सूचीत अशा ओळींपुढे आम्ही 'डोळ्यांनी तपासा' अशी खूण करतो. सध्याच्या ३१२ ओळींपैकी ५८ वर ती आहे.

सूची कोण बदलू शकते, हा प्रश्न मला सुरुवातीला कारकुनी वाटला होता. पहिल्या महिन्यात सगळ्यांना सगळे बदलायची मुभा होती. एका शनिवारी नट आणि बोल्ट यांच्या ओळी तीनदा बदलल्या गेल्या. थाई कारखान्यात 'नॉट' हा इंग्रजी नटवरून आलेला शब्द दोन्हींना चालतो. फरक करायचा तर बोल्टला 'नॉट तुआ फू', म्हणजे नर, आणि नटला 'नॉट तुआ मिया', म्हणजे मादी. पाठ्यपुस्तकात दोघांना वेगळी, आट्यांवरून केलेली नावे आहेत. एकाने कारखान्यातले घातले, दुसरीने पाठ्यपुस्तकातले, तिसऱ्याने पुन्हा पहिले. आणि त्या दिवशी भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला त्या वेळी दिसले ते घेतले. झाकणाचे बोल्ट किती जोराने आवळायचे हे त्याच प्रकरणात होते. नट धरून ठेवायचा आणि बोल्ट फिरवायचा की उलट, हे त्या मसुद्यातून कोणालाही कळले नसते. त्यानंतर नियम केला: प्रस्ताव कोणीही पाठवावा, फाइलमध्ये लिहिणारा हात एकच, आणि नवी आवृत्ती फक्त सोमवारी.

निर्णय बदलला की खरा खर्च कुठे येतो, हेही तेव्हाच कळले. अनुवादक ज्या प्रणालीत काम करतात तिला जुनी वाक्ये आठवतात. तशाच प्रकारचे वाक्य आले की ती जुना अनुवाद पुढे करते. सूचीत 'ख्वाम दन' झाले तरी स्मृतीत 'रेंग दन'ची वाक्ये होतीच, आणि शंभर टक्के जुळणारे वाक्य समोर आले की दमलेला माणूस ते स्वीकारतो. सूची एक सांगते, स्मृती दुसरे, आणि स्मृतीची सूचना आयती असल्यामुळे तीच जिंकते. म्हणून आता सूचीतला कोणताही जुना शब्द बदलला की आधी स्मृतीतली वाक्ये दुरुस्त होतात, मगच नवी आवृत्ती बाहेर जाते. दाबाच्या ओळीसाठी त्यात तीन दिवस गेले. हाच निर्णय भाषांतर सुरू होण्यापूर्वी झाला असता तर दोन बैठकांवर भागले असते.

३१२ ओळी ऐकून काहींना त्या थोड्या वाटतील. पहिल्या चाळणीत सुमारे नऊशे शब्द निघाले होते. पंप, मोटर, व्हॉल्व्ह अशा ज्या शब्दांबद्दल चौघांत मतभेद होणारच नव्हते ते काढून टाकले. पंपाचे फक्त लेखन ठरवले, कारण त्यावरची सुराची खूण दोन तऱ्हांनी लिहिली जाते. लांब सूची कोणी उघडत नाही. जिथे दोन शहाणी माणसे वेगवेगळे लिहितील तेवढेच तिच्यात असावे, असे माझे मत झाले आहे. याला विरोध करणारेही आहेत. नव्या अनुवादकाला सगळेच हवे असते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.

एक रकाना मात्र आम्ही ठरवून केला नव्हता. आमच्या जोडणी विभागात लिंबायत-उधन्याकडून येणारे बरेच फिटर मूळचे धुळे-नंदुरबार-जळगावचे आहेत. भिंतीवरचे क्रमांकांचे चित्र त्यांच्याच जागेवर लावलेले होते. थाई शब्द ठरत असताना त्यांतले एक काका रोज येऊन बघत. एक दिवस म्हणाले, "थायलंडच्या माणसाला समजावं म्हणून इतकं करताय ताई, तर आमच्यासाठी पण एक रकाना टाका की." मी आनंदाने मराठी रकाना उघडला आणि क्रमांक १४ पुढे 'झाकण' असे लिहिले.

त्यांनी वाचले आणि म्हणाले, "हे आम्ही ढक्कन म्हणतो. आणि बाजूच्या शेडमध्ये दरवाजा."

त्या ओळीवरचा निर्णय अजून व्हायचा आहे.